हमालातला ह, हक्कातला ह



बोलायला सुरुवात करण्याआधी एक छोटं काम सांगतो. उजव्या हाताची दोन बोटं गळ्यावर ठेवा, बरोबर घाटीवर. आता सावकाश म्हणा, "हात". बोटांना बारीक थरथर लागली ना? "ह" म्हणतानाच लागली. आता समजा, समोर चष्मा आहे, काच धुरकट झालीय आणि पुसायच्या आधी तुम्ही तिच्यावर तोंडाची वाफ सोडताय. हाऽऽ. आता थरथर नाही. नुसता श्वास गेला.

या दोन "ह"च्या मध्ये एका माणसाची नोकरी अडकली होती. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. त्याला आपण दत्ता म्हणू. गाव सांगोल्याकडचं, घरात माळकरी वातावरण. दुबईत चार वर्षं सळई बांधायचं काम केलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते काम केलंय. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं, हा इथला नियम आहे. तरीही सकाळी अकराला सळई हातमोज्यातून चटका देते, हे तुम्हाला मी काय सांगणार.

प्रोजेक्ट संपला. कंपनीने माणसं कमी केली. दत्ताला ओळखीने दुसरी नोकरी मिळाली, रशिदियातल्या एका दुकानात. खजूर, हलवा, मिठाई आणि गहवा. गहवा म्हणजे अरबी कॉफी, वेलदोडा घातलेली, पिवळसर. नवं वर्क परमिट निघेपर्यंत तो दुकानात उभा राहिला नाही, हे त्याने चांगलं केलं. पगार १५०० दिरहम. राहायला तीच सोनापूरची खोली, सहा जणांची. पण काम एसीत आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट. त्याला वाटलं, सुटलो.

काम दोन भागांचं होतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की स्वागत करायचं आणि त्याला गहव्याचा कप द्यायचा. कप देण्याची रीत तो एका दिवसात शिकला. चोचीची किटली, म्हणजे दल्ला, डाव्या हातात धरायची आणि कप उजव्या हाताने पुढे करायचा. त्या बिनकानाच्या छोट्या कपाला फिंजान म्हणतात. तो काठोकाठ भरायचा नाही, तळाशी थोडासाच ओतायचा. आपल्याकडे अर्धा कप चहा दिला तर पाहुण्याला वाटेल चिक्कूपणा केला. इथे उलट आहे. कप भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. पाहुण्याने कप हलवला की बास झालं असं समजायचं. नाही हलवला तर पुन्हा ओतायचं. सळई बांधणाऱ्या हातांना हे जमलं. हाताचं काम हात शिकतात.

अडलं ते स्वागताच्या शब्दावर.

दुकानात येणारी बरीचशी गिऱ्हाइकं इथलीच, अमिराती. मालकाचं म्हणणं होतं की त्यांचं स्वागत त्यांच्या पद्धतीने व्हायला हवं. शब्द होता "हय्याकल्लाह". सुपरवायझरने पहिल्या दिवशी तो दोनदा म्हणून दाखवला आणि सांगितलं, म्हण. दत्ता म्हणाला, "हय्याकल्ला." सुपरवायझर म्हणाला, तसं नाही. दत्ता पुन्हा म्हणाला. पुन्हा तेच, तसं नाही. कसं नाही, हे सुपरवायझरलाही सांगता येईना. तो आपल्यासारखाच बाहेरून आलेला माणूस. कानाला चूक कळते, पण ती कुठे आहे हे दाखवता येत नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, "प्रोबेशन में हो, याद रखना."

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवलेला. इंग्रजीत लिहिलेलं, त्याचा अर्थ असा: स्वागत चुकलं तर दर वेळी २० दिरहम कापले जातील. खाली ना सही, ना शिक्का.

त्या रात्री दत्ता खोलीत जेवला नाही. बाहेर कट्ट्यावर बसून पुटपुटत होता. त्याच खोलीत रत्नागिरीकडचे एक चाचा राहायचे. वय साठीकडे झुकलेलं, इथे तीस वर्षं झालेली, आधी बोटीवर आणि मग गोदामात. घरी कोकणी मराठीच बोलायचे. चाचा शेजारी येऊन बसले.

"काय रे, कुणाला शिव्या घालतोयस?"

"शिव्या नाही चाचा. स्वागत करतोय."

त्याने शब्द म्हणून दाखवला. चाचा हसले नाहीत. लहानपणी मदरशात कुराण वाचताना त्यांनीही याच अक्षरावर छड्या खाल्ल्या होत्या. ते म्हणाले, "तुझं सगळं बरोबर आहे. फक्त पहिलं अक्षर चुकतंय. अरबीत ह दोन आहेत आणि तू दुसराच काढतोयस."

आता इथे थांबून नीट समजून घेऊ, कारण हे तुमच्यातल्या पुष्कळ जणांच्या रोजच्या कामाचं आहे. अरबी शिकवणारे मौलवी गळ्याचे तीन भाग सांगतात. अगदी खाली, छातीकडे, एक साधा ह निघतो. "अल्लाह"च्या शेवटी आहे तो हा. गळ्याच्या मधल्या भागातून दुसरा ह निघतो. "हय्याक"मधला तो हा. आणि गळ्याच्या वरच्या भागातून, जिथे तोंड सुरू होतं तिथून, घासून ख निघतो, "खैर"मधला. आपण मराठी माणसं या सगळ्यांना एकच ह लावतो, नाहीतर आपला साधा ख. शिवाय आपल्या ह मध्ये आवाजाची थरथर असते. मगाशी बोटांना लागली ती. मधल्या ह मध्ये ती अजिबात नसते. त्यात फक्त श्वास असतो, पण तो अरुंद जागेतून दाबून काढलेला असतो.

चाचांनी त्याला जे शिकवलं ते असं. पहिल्यांदा चष्म्यावर वाफ सोड. दत्ताला चष्मा नव्हता, चाचांनी आपला काढून दिला. हाऽऽ. काच धुरकट झाली पाहिजे आणि गळ्यावरच्या बोटाला काही लागता कामा नये. हे दहा वेळा. मग तोच श्वास, पण समज की तिखट ठेचा खाल्लाय आणि घसा भाजलाय, तेव्हा आपण कसं हाऽऽ करतो, तसं थोडं आवळून. आता श्वास जरा जाड आणि कोरडा ऐकू येतो. तो आला की त्याला "य्या" जोड. "य" दोनदा आहे, त्यावर क्षणभर थांब. हय्-या. मग "क", आणि तो पुढच्या "अल्लाह"ला चिकटव. त्यातला ल जरा भरदार म्हणायचा, पण आपला ळ करायचा नाही.

चार दिवस दत्ताने हेच केलं. कामाला जाताना गाडीत बसायला जागा मिळायची नाही, उभा राहून करायचा. मोरीत करायचा. खोलीतला नेपाळी पोरगा म्हणाला, "भाई, खांसी है क्या?" तिसऱ्या दिवशी खरोखरच घसा बसला. कारण त्याची दुसरी चूक झाली होती, आणि ती बहुतेकांची होते. ह जमत नाही म्हणून तो जोर लावायला लागला. जोर लावला की श्वास वर सरकतो, टाळूच्या मागे घासायला लागतो आणि "खय्याक" होतं. चाचांनी ऐकलं आणि म्हणाले, "आता तू वर चढलास. जिभेच्या मागे गुदगुल्या होतात ना? मग तो ख झाला. खाली उतर. जोर कमी कर, वाट अरुंद कर." नळी दाबली की पाणी आपोआप जोरात जातं, त्यासाठी मोटार वाढवावी लागत नाही. हे मात्र शेतकऱ्याच्या पोराला लगेच पटलं. घसा दुखायला लागला तर थांबायचं, कोमट पाणी प्यायचं आणि एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त करायचं नाही, हेही चाचांनी सांगितलं.

दत्ताच्या मनात आणखी एक खुट्टी होती. ती त्याने अंधारात विचारली. "चाचा, मी माळकरी माणूस. दर गिऱ्हाइकाला अल्लाहचं नाव घ्यायचं, चालतं का?"

चाचा म्हणाले, "तुमच्या वारीत अनोळखी माणसाला काय म्हणतात?"

"माउली."

"तो माणूस कुठल्या देवाचा ते विचारून म्हणतात?"

दत्ता काही बोलला नाही. चाचा म्हणाले, "तुला नको वाटलं तर मरहबा म्हण, तेही स्वागतच आहे. पण त्यातही हाच ह आहे. त्यातून सुटका नाही." मग त्यांनी शब्दाचा अर्थ सांगितला. हय्याकल्लाह म्हणजे देव तुला आयुष्य देवो. "तुमच्या मराठीत आहे की तो शब्द. हयात. हयात आहे, हयात नाही, म्हणता ना? तोच तो."

मंडळी, इथे दत्ता सरळ बसला. कारण हयात हा शब्द त्याच्या घरात दरवर्षी निघायचा. आईला श्रावणबाळ योजनेचे पैसे येतात आणि त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे असा कागद. म्हातारी दरवर्षी एसटीने सांगोल्याला जाते, रांगेत उभी राहते आणि आपण जिवंत असल्याचं दाखवून येते. दत्ता इथे असल्यापासून एकटीच जाते. जो शब्द चार दिवस त्याच्या घशात अडकला होता, तो त्याच्या आईच्या कागदावर छापलेला होता.

चाचांना आता रंग चढला. म्हणाले, "आणखी सांगतो. सळई उचलायचास तेव्हा तू कोण होतास?"

"हमाल म्हणा."

"तोच ह. हिशेब? तोच ह. हुकूम? तोच ह. हाल होतात ना, हाल, त्याच्यातही तोच. आणि हक्क?" थोडं थांबून म्हणाले, "तोही तोच."

हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि मराठीच झाले. येताना त्यांनी गळ्यातला तो ह वाटेत सोडला, आपला ह घेतला, एवढंच. म्हणजे तुमच्यापैकी ज्याला वाटतं की मला अरबीतलं काहीच येत नाही, त्याने सराव इथूनच सुरू करावा. नवा शब्द पाठ करू नका. हिशेब आणि हक्क हे दोन शब्द घ्या, अर्थ माहीत आहेतच, फक्त सुरुवात वाफेने करा. दत्ताने तेच केलं. पाचव्या दिवशी सकाळी सुपरवायझरने ऐकलं आणि नुसती मान हलवली. "तसं नाही" म्हणाला नाही.

पण तोपर्यंत वहीत तीन चुका लिहिल्या गेल्या होत्या. महिना संपला, पगार खात्यात आला, १४४०. साठ कमी.

आता या साठ दिरहमचा हिशेब आपण नीट करू. इथे आपली माणसं दोन तऱ्हेने चुकतात. एक तर गप्प बसतात, नाहीतर चुकीचा मुद्दा घेऊन भांडतात.

संयुक्त अरब अमिरातीचा कामगार कायदा २०२१ चा, क्रमांक ३३. तो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात दंडाबद्दल लिहिलंय की कामगाराच्या चुकीसाठी कापलेली रक्कम पगाराच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. दत्ताच्या १५०० चे पाच टक्के झाले ७५. कापले ६०. म्हणजे ७५ च्या आत बसले. दत्ताच्या खोलीतला एक जण म्हणाला, मग बरोबरच कापले की. नाही. त्याच वाक्यात आणखी एक अट आहे. दंड कंपनीच्या अशा नियमावलीप्रमाणेच कापता येतो, जी मंत्रालयाने मंजूर केलेली आहे. भिंतीवर टेपने चिकटवलेला, बिनसहीचा कागद म्हणजे नियमावली नव्हे. शिवाय शिक्षा करायच्या आधी कामगाराला त्याची चूक लेखी कळवायची, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि ते नोंदवून ठेवायचं, अशी पद्धत ठरलेली आहे. दत्ताला काहीच लेखी मिळालं नव्हतं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

आणि प्रोबेशनचं काय? त्या धाकानेच तो गप्प होता. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात मालक कामावरून काढू शकतो, हे खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. पण काढायचं तर चौदा दिवस आधी लेखी सांगावं लागतं. "उद्यापासून येऊ नकोस" हे चालत नाही. प्रोबेशनमध्ये आहे म्हणून पगार कापायची मोकळीक मिळते, असं कायद्यात कुठेही नाही.

दत्ताने काय केलं ते सांगतो. भांडण केलं नाही. भिंतीवरच्या कागदाचा फोटो काढला. बँकेच्या मेसेजचा फोटो ठेवला. एका वहीत तीनही तारखा लिहिल्या, कोण काय म्हणालं तेही लिहिलं. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना सुपरवायझरकडे गेला आणि हिंदीत म्हणाला, "सर, ये साठ दिरहम किस नियम में काटे, वो मुझे लिखके दे दो. मैं साइन कर दूंगा."

सुपरवायझर म्हणाला, "बहुत बोलना सीख गया तू."

दत्ता म्हणाला, "आपनेच सिखाया, सर."

हे उद्धटपणे म्हटलं नव्हतं, आणि ते महत्त्वाचं आहे. तो सुपरवायझर राक्षस नव्हता. मालकाचा दाब त्याच्यावर, त्याने तो दत्तावर ढकलला. लिहून द्यायची वेळ आली तेव्हा त्याला कळलं की खाली सही आपली येणार. दत्ताने एवढंच सांगितलं की कागद मिळाला नाही तर मंत्रालयाच्या ८००८४ या कामगार तक्रारींच्या नंबरवर विचारून घेईन की असा दंड चालतो का. धमकीच्या सुरात नाही, माहिती विचारावी तसं. भिंतीवरचा कागद त्या संध्याकाळी गेला. साठ दिरहम पुढच्या महिन्याच्या पगारात परत आले.

दर वेळी इतकं सोपं होत नाही. कधी माणूस लिहून मागतो आणि दुसऱ्या दिवशी चौदा दिवसांची नोटीस हातात पडते. म्हणून आधी फोटो, आधी वही, मग बोलणं. हा क्रम उलटा करू नका. आणि मी सांगतोय तो कायदा अमिरातीतल्या कंपन्यांचा आहे. घरकाम करणाऱ्यांसाठी इथेच वेगळा कायदा आहे. सौदी, कतार, ओमान, प्रत्येकाचे नियम निराळे. तिथे असाल तर तिथलं विचारून घ्या, माझं वाक्य तिथे वापरू नका.

आता गोष्ट संपवतो, पण ती शब्दानेच संपते.

दुसऱ्या महिन्यात एके दिवशी संध्याकाळी एक वयस्क अमिराती बाई दुकानात आल्या. काळा अबाया, हातात काठी, सोबत नातू. दत्ता पुढे झाला, छातीवर हात ठेवला आणि खणखणीत म्हणाला, "हय्याकल्लाह." ह अगदी गळ्याच्या मधून आला. चाचा असते तर चष्मा काढून दिला असता.

बाई थांबल्या. नातू हसायला लागला. दत्ताचा चेहरा उतरला. इतकं करून परत काय चुकलं?

बाई हिंदी थोडी बोलायच्या. त्यांनी स्वतःकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "मैं औरत. हय्याच. हय्याचल्लाह." मग नातवाकडे बोट करून, "ये, हय्याक." मग दोघांकडे मिळून हात फिरवला, "हय्याकुम."

बघा मंडळी. महिनाभर तो ह घोटत बसला आणि शब्दाचा शेवट माणसाप्रमाणे बदलतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुरुषाला क, बाईला च, अनेकांना कुम. आपल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही. आपण मुलाला "आलास का" म्हणतो आणि मुलीला "आलीस का". इंग्रजी बोलणाऱ्याला हे समजावायला वेळ लागेल, आपल्याला एका वाक्यात समजतं. फक्त तो च "चहा"तला म्हणायचा, "चमच्या"तला नाही. आणि घाईत कळलं नाही कोण कोण आत आलंय, तर "हय्याकुम" म्हणावं. ते अनेकांसाठी आहेच, आणि आपल्या "तुम्ही"सारखं आदराचंही आहे.

दत्ता पुन्हा म्हणाला, "हय्याचल्लाह." बाईंनी मान डोलावली आणि त्यावर जे उत्तर द्यायचं असतं ते दिलं, "अल्लाह यहय्यीक." देव तुलाही आयुष्य देवो. मग बसल्या. दत्ताने डाव्या हातात दल्ला घेतला, उजव्या हाताने फिंजान पुढे केलं, तळाशी थोडा गहवा ओतला. बाईंनी तीन वेळा घेतला आणि मग कप हलवला.

एकाच महिन्यात त्याची चूक दोघांनी दाखवली. एकाने भिंतीवर कागद लावला आणि पैसे कापले. दुसऱ्या माणसाने स्वतःकडे बोट केलं आणि शब्द दिला. चूक दाखवणं म्हणजे अपमान नव्हे, ती घ्यावी, शिकावी. पण शिकवण्याचे पैसे कामगाराच्या खिशातून काढणं, हे शिकवणं नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, जसे ते दोन ह ओळखता आले पाहिजेत. कानाला पहिल्यांदा सारखेच वाटतात.

त्या रात्री त्याने घरी फोन लावला. आई म्हणाली, "जेवलास का रं?" मग म्हणाली, "परवा दाखल्याला जायचंय सांगोल्याला. पाय दुखत्यात, पर जाती." दत्ता म्हणाला, "एकटी जाऊ नको, शेजारच्या पोराला गाडीवर घेऊन जा. पेट्रोलचे पैसे पाठवतो." ते साठ दिरहमच त्याने पाठवले.

मग त्याने आईला तो शब्द म्हणून दाखवला. बाईला म्हणायचा तसा, शेवटी च लावून. आई म्हणाली, "हे काय आनी?"

"जिवंत राहा, असं म्हणतात इकडं."

"मग तहसीलदाराला सांग की तसं," म्हातारी म्हणाली, "म्हंजी दरसाली जायला नको."

मंडळी, आता पुन्हा बोटं गळ्यावर ठेवा. थरथर नको, फक्त वाफ. आधी हिशेब म्हणा. मग हक्क. दोन्ही शब्द तुमचेच आहेत.

इतकंच. राम राम.